सदर रक्कम म्हणजे नेमकी कुठली?

वकिली नोटीस हा आपल्याकडचा एक दुर्लक्षित साहित्यप्रकार आहे. कवी कधी वाचकाला ‘तुम्ही कविता घेणार’ असं म्हणत नाही. वकील मात्र पहिल्याच ओळीत ‘तुम्ही नोटीस घेणार’ असं ठणकावून सांगतो, आणि आठ दिवसांनी पाकीट ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत येतं. विशेषणांची उधळण तर अशी की बाणभट्टाने मान खाली घालावी. ‘खोटेपणाने, लबाडीने, बेकायदेशीरपणे व आमच्या अशिलास फसविण्याच्या दुष्ट हेतूने’ एवढं सगळं एका दमात येतं, आणि ते सुद्धा प्लायवूडच्या बिलासाठी.

या विशेषणांनी कुणाचं काही बिघडत नाही. नोटीस घेणाऱ्याचं नाही, कोर्टाचं तर नाहीच नाही. बिघडतं ते आकड्यांनी, आणि तेही पाठवणाऱ्याचं.

माझी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच क्लिअरिंगला. त्यामुळे चेक दिसला की पोटापाण्याची आठवण होते. आमच्या इमारतीतच एका तरुण वकिलाचं ऑफिस आहे. चेकच्या नोटिसा पोस्टात टाकायच्या आधी तो खाली येऊन म्हणतो, “काका, एकदा नजर टाका ना.” मी टाकतो. माझ्या नजरेची फी म्हणजे एक चहा; पण नोटिशीत मात्र ‘नोटीस खर्च रु. ५,५००/-’ असं छापलेलं असतं. तो आकडा मी आजवर तपासलेला नाही.

गुरुवार, ५ जून २०२५ रोजी आलेल्या मसुद्याची गोष्ट सांगतो. अशील प्लायवूडचे व्यापारी. नोटीस घेणारे फर्निचरची कंत्राटं घेणारे. त्यांचं खरं नाव सांगणं बरं नव्हे, आपण त्यांना दत्तोपंत म्हणू. दत्तोपंतांनी माल नेला, थोडे पैसे दिले, बाकीचा चेक दिला, आणि तो चेक ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ म्हणून परत आला. कथानक एवढंच. पण मसुद्यात ते वाचताना मला तीन वेगळे दत्तोपंत, दोन वेगळे चेक आणि एक अनोळखी बाई भेटली.

बाईंचं आधी सांगून टाकतो. परिच्छेद ८ मध्ये लिहिलं होतं, ‘तुम्ही नोटीस घेणार नं. २ हिने सदर सदनिका रिकामी करण्याचे टाळले.’ दत्तोपंत एकटेच होते. सदनिकेचा तर प्रश्नच नव्हता. कुठल्याशा जुन्या भाडेकरूच्या नोटिशीवर नवी नोटीस टाइप केली होती, आणि ती भाडेकरीण तिथूनही हललेली नव्हती. अशा बाईला शोधणं सोपं असतं, कारण ती ठळक दिसते. पंचाईत करतात ते शहाण्यासारखे दिसणारे आकडे.

अशी नोटीस वाचण्याची माझी पद्धत म्हणजे ती वाचायचीच नाही. पहिल्या ओळीपासून वाचायला लागलं की त्या विशेषणांचा अंमल चढतो, दत्तोपंतांचा राग यायला लागतो, आणि रागावलेल्या माणसाला आकडे दिसत नाहीत. म्हणून आधी मसुदा पालथा ठेवायचा आणि कागद मागायचे: चेक, बँकेचा परतीचा मेमो, बिलं, खातेउतारा. त्यावरून एका कोऱ्या कागदावर तारखा, रकमा, नावं आणि चेकचा नंबर उतरवून घ्यायचा. मग मसुदा उघडायचा आणि त्यातल्या एकेका आकड्याची या कागदाशी रुजवात घालत जायची. मसुद्याची मसुद्याशी रुजवात घालायची नाही. तो आपल्याच सहीचा दाखला आपल्यालाच देणार.

वकिलाने हे लगेच मान्य केलं नाही. “काका, चेकची रक्कम तीन ठिकाणी तीन लाख अठ्ठावन्न हजार आहे. फक्त एका ठिकाणी अक्षरांत पंच्याऐंशी झालंय. ते एक दुरुस्त केलं की झालं.”

लोकशाहीत हे चाललं असतं. चेक पाहिला, तर तो ३,८५,००० चा. एकटं पडलेलं ‘पंच्याऐंशी’ खरं होतं, आणि बहुमतात असलेलं ‘अठ्ठावन्न’ ही एका ठिकाणी झालेली चूक दोनदा कॉपी होऊन तयार झालेली आघाडी होती. सगळीकडे एकसारखं केलं असतं तर नोटीस अगदी सुसंगत झाली असती आणि संपूर्ण चुकली असती.

बँकेतल्या जुन्या माणसांना इथे एक गंमत ठाऊक असते. दोन आकड्यांतला फरक काढायचा: ३,८५,००० वजा ३,५८,०००, म्हणजे २७,०००. या फरकाला नवाने पूर्ण भाग गेला की शेजारचे दोन अंक आपसांत जागा बदलून बसलेत असा पक्का संशय घ्यायचा. दिवसाची बेरीज जुळली नाही आणि फरक नवाच्या पटीत आला, की आम्ही दरोड्याची शंका सोडून देऊन उलटे लिहिलेले अंक शोधायला बसत असू. आपल्या भाषेत तर हा अपघात फारच सहज होतो. आपण ‘पंच्याऐंशी’ म्हणताना पाच आधी बोलतो आणि ऐंशी मागून; सांगणारा घाईत, टाइप करणारी कानात हेडफोन घालून, की झालाच अठ्ठावन्नचा जन्म.

“पण अक्षरी रक्कम बरोबर आहे ना?” वकील म्हणाला. “आणि आकडा आणि अक्षर वेगळं असेल तर अक्षर धरतात.”

हा समज फार पसरलेला आहे आणि तो अर्धा खरा आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १८ मध्ये तसं लिहिलेलं आहेच, पण ते चेक, हुंडी, वचनचिठ्ठी यांच्यासाठी. नोटीस म्हणजे हुंडी नव्हे. शिवाय चेकच्या बाबतीतही कायदा काही म्हणो, काउंटरवरचा माणूस आकडा आणि अक्षर जुळलं नाही की तोच शेरा मारून चेक परत पाठवतो. मी स्वतः असे ढिगाने पाठवले आहेत, अगदी समाधानाने.

आता एवढी काटेकोरी कशाला, हे सांगायला हवं; नाहीतर मी नुसता पेन्शनर खवटपणा करतोय असं वाटेल. चेक न वटल्याची फिर्याद कलम १३८ खाली होते. त्यात नोटीस हा शिष्टाचार नाही, गुन्ह्याचाच एक भाग आहे. चेक परत आला म्हणून गुन्हा पुरा होत नाही. नोटीस देऊन ‘सदर रक्कम’ मागायची, आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ती दिली नाही, तेव्हा कुठे गुन्हा पुरा होतो. आणि ही सदर रक्कम म्हणजे चेकवरची रक्कम. अशिलाला जी मिळावीशी वाटते ती नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कावेरी प्लास्टिक्स प्रकरणात हेच खणखणीत सांगितलं. चेक होता एक कोटीचा, नोटिशीत पडले दोन कोटी. ‘टायपिंगची चूक’ हा बचाव कोर्टाने ऐकून घेतला नाही. नोटीसच अवैध, म्हणून फिर्यादही गेली. एका अंकाने एक कोटीचा दावा गिळला. विशेषणं त्याही नोटिशीत असतील, त्यांनी काही वाचवलं नाही.

आमच्या मसुद्यात मागणीचा परिच्छेद होता नववा. तो जसाच्या तसा बघण्यासारखा आहे: ‘तरी वर परिच्छेद ४ मध्ये नमूद केलेली रक्कम द.सा.द.शे. १८ टक्के व्याज व नोटीस खर्चासह एकूण रु. ३,९०,५००/- सात दिवसांत अदा करावी.’ वाचताना भारदस्त वाटतं. पण ते परिच्छेद ४ कुठे जातं, म्हणून मी मागे गेलो. परिच्छेद ४ मध्ये लिहिलं होतं की तुम्ही मार्च महिन्यात रोख रु. २५,०००/- दिलेत व ते आमच्या अशिलांस पोहोचले.

म्हणजे एवढं आकांडतांडव करून नोटीस मागत होती ते पंचवीस हजार, जे मिळालेले होते!

झालं होतं असं की मूळ मसुद्यात परिच्छेद ४ हा चेकचाच होता. मग अशिलाला ते पंचवीस हजार आठवले, वकिलाने प्रामाणिकपणे मध्ये एक नवा परिच्छेद घातला, खालचे सगळे एकेक पायरी उतरले, आणि नवव्यातला ‘परिच्छेद ४’ मात्र जुन्या पत्त्यावरच उभा राहिला. क्रमांक आपोआप बदलतात. वाक्यात हाताने लिहिलेले उल्लेख बदलत नाहीत. म्हणून ‘वर नमूद’, ‘उपरोक्त’, ‘सदर’ आणि ‘परिच्छेद अमुक’ अशा प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारून, तो बोट दाखवतो तिथे खरंच जाऊन यायचं. आळस करून ‘असेल तिथेच’ म्हणायचं नाही. ‘सदर’ हा शब्द तर सरकारी बाबूसारखा आहे, कशाची जबाबदारी घेतोय ते शेवटपर्यंत सांगत नाही.

आता ते ३,९०,५००. चेकच्या ३,८५,००० मध्ये नोटीस खर्च ५,५०० मिळवला की तेवढे होतात. मग अठरा टक्के व्याज कुठे गेलं? वाक्यात होतं, बेरजेत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे सगळं एकत्र कालवलं होतं. व्याज आणि खर्च मागायला बंदी नाही. सुमन सेठी प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की चेकची रक्कम वेगळी, स्पष्ट मागितलेली असेल तर इतर मागण्यांमुळे नोटीस बिघडत नाही. पण दत्तोपंतांनी नोटीस वाचून ‘चेकचे नेमके किती दिले म्हणजे मी सुटलो’ हे कळायला हवं. इथे त्यांना एक ३,५८,०००, एक ३,८५,०००, एक ३,९०,५०० आणि एक पंचवीस हजार यांतून निवड करायची होती. माणूस साहजिकच शेवटचा पर्याय निवडतो.

बिलांची बेरीजही मी करून पाहिली, कारण ती करायला कुणी सांगत नाही. १,४२,५००, १,६८,००० आणि ९९,५००. बेरीज ४,१०,०००, वजा २५,०००, बाकी ३,८५,०००. चेकशी चोख जुळली. मसुद्यात मात्र ‘खालील चार बिलांप्रमाणे’ असं लिहून खाली तीनच बिलं होती. चौथं बिल नंतर परत गेलेल्या मालाचं होतं, हे अशिलाने फोनवर सांगितलं. हे विचारलं नसतं तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच आला असता. आपली नोटीस सर्वांत बारकाईने वाचतो तो दत्तोपंत नव्हे, दत्तोपंतांचा वकील. त्याला कुणी काका लागत नाही.

तारखांकडे वळलो, तेव्हा चहा गार झालेला होता. तारखा तपासताना त्या एकट्या तपासून भागत नाही, त्यांची रांग लावावी लागते. आधी माल, मग बिल, मग चेकवरची तारीख, मग चेक भरणं, मग मेमो, मग नोटीस. रांगेत कुणी पुढे घुसलं की लगेच दिसतं. परिच्छेद ५ मध्ये चेकची तारीख ५ मे होती, जी चेकवर होती. परिच्छेद ७ मध्ये तीच ५ जून झाली होती. आणि मेमो ९ मे चा. म्हणजे परिच्छेद ७ प्रमाणे दत्तोपंतांनी आज सकाळी जो चेक लिहिला, तो जवळजवळ महिन्यापूर्वीच वटला नव्हता. टाइप करणाऱ्याच्या बोटाला चालू महिना चिकटलेला असतो, त्याचा हा प्रताप.

पण दिसला फरक की केली दुरुस्ती, असंही करून चालत नाही. चेक परत आल्याची तारीख एका ठिकाणी ९ मे होती आणि दुसऱ्या ठिकाणी १४ मे. वकिलाने लगेच १४ खोडायला पेन उचललं, तर मी हात धरला. ९ तारीख मेमोवर होती. १४ ला अशिलाच्या हातात मेमो आला. दोन्ही खऱ्या. चूक एवढीच की दोन्हींना ‘चेक परत आला’ असं एकच वाक्य दिलं होतं. एकीला ‘मेमोची तारीख’ आणि दुसरीला ‘मेमो मिळाल्याची तारीख’ म्हटलं की भांडण मिटलं.

आणि इथेच खरी घाई कळली. नोटीस द्यायची मुदत, बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवस. पूर्वी पंधराच होती, २००३ पासून तीस झाली. १४ मे धरली तर मुदत १३ जूनपर्यंत. पण अशिलाच्या मोबाइलवर बँकेचा संदेश ९ लाच आलेला नव्हता, हे शपथेवर कोण सांगणार? म्हणून हिशेब आधीच्या तारखेवरून करावा. कळल्याचा दिवस सोडून द्यायचा. १० मे हा पहिला दिवस, ३१ मे हा बाविसावा, ८ जून हा तिसावा. कॅलेंडर उघडलं. ८ जून, रविवार. ७ जून, शनिवार, बकरी ईद, पोस्ट बंद. म्हणजे तीस दिवसांतला वापरता येण्याजोगा शेवटचा दिवस उद्याचा, शुक्रवार.

वकिलाने मसुद्याचा शिरोभाग पाहिला. तिथे तारीख होती १० जून. त्याने काहीही न बोलता दुसरा चहा सांगितला.

शेवटच्या परिच्छेदात आणखी एक ठसठशीत वाक्य होतं, ‘दि. २० जूनपर्यंत रक्कम न दिल्यास...’. नवव्या परिच्छेदात सात दिवस, इथे २० जून, आणि कायद्यात नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस. शुक्रवारी टाकलेली नोटीस सोमवारी ९ जूनला मिळाली असं धरलं तरी पंधरा दिवस २४ जूनला भरतात. ठरावीक तारीख लिहिण्याचा मोह वकिलांना का होतो कोण जाणे. पोस्टमन कधी येणार हे त्याच्या बायकोलाही माहीत नसतं. ‘नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत’ एवढंच ठेवलं आणि सात दिवस व वीस तारीख दोन्ही काढून टाकल्या.

नावांत मी फार वेळ घालवला नाही. वर दत्तात्रय, मध्ये दत्तात्रेय, शेवटी नुसतेच दत्ता. चेकवर जसं आहे तसं सगळीकडे केलं. दत्तात्रय की दत्तात्रेय यावरून कुणी खटला हरत नाही. पण त्यांना पत्त्यात ‘प्रोप्रायटर’ आणि दुसऱ्या परिच्छेदात ‘भागीदार’ म्हटलं होतं, हे मात्र साधं नव्हतं. प्रोप्रायटर असेल तर तो एकटा जबाबदार. भागीदारी असेल तर पेढी आणि इतर भागीदारांचा विचार करावा लागतो, आणि नोटीस कुणाकुणाला पाठवायची हेच बदलतं. उत्तर चेकवरच होतं. सहीखाली निळ्या शाईचा शिक्का, अर्धा पुसट, भिंग लावल्यावर ‘प्रोप्रा’ एवढं वाचता आलं. माझ्या नोकरीत मी त्या शिक्क्यांना फार शिव्या दिल्या आहेत; त्या दिवशी मात्र त्याला नमस्कार केला.

राहिलं कलम. विशेषणांच्या गर्दीत ‘भारतीय दंड संहिता कलम ४२० अन्वयेही कारवाई’ अशी धमकी होती. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि फसवणुकीचं ते कलम ३१८ चं पोटकलम ४ झालं. दत्तोपंतांचा सगळा व्यवहार २०२५ चा. वकील म्हणाला, “काका, पण ‘तीनशे अठरा चार’ म्हटल्यावर कोण घाबरणार?” त्याचं म्हणणं खरं होतं. चारसोबीस कायद्यातून गेला तरी बोलण्यातून जायला अजून दोन पिढ्या लागतील. शेवटी ते वाक्यच काढलं. नोटीस १३८ ची आहे, तिने तेवढंच काम करावं.

संध्याकाळी नवी प्रत निघाली. ती एकट्याने वाचली नाही. वकिलाने चेक, मेमो आणि बिलं हातात धरून आकडे मोठ्याने वाचले, एकेक अंक सुटा: ‘तीन, आठ, पाच, शून्य, शून्य, शून्य’, पंच्याऐंशी म्हणायला बंदी. मी प्रतीवर टिक करत गेलो. चेकचा सहा अंकी नंबर उलट्या बाजूने वाचून घेतला, कारण सरळ वाचताना डोळा पुढचा अंक स्वतःच भरतो. मागणीच्या परिच्छेदात आता आधी चेकची रक्कम रु. ३,८५,०००/- एकटीच उभी होती. व्याज आणि खर्च खाली, वेगळ्या परिच्छेदात. विशेषणांना मी हात लावला नाही. अशील त्यांचेच पैसे मोजतो.

शुक्रवारी दुपारी नोटीस पोस्टात पडली आणि पावती स्थळप्रतीला टाचली गेली.

तुमच्या कपाटात कुणाचा न वटलेला चेक पडून असेल, तर त्याच्याबरोबरचा बँकेचा मेमो आजच शोधा आणि त्यावरच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून कॅलेंडरवर तीस मोजा. तिसावा दिवस रविवारचा निघाला तर शुक्रवारपर्यंतच वकील गाठा. आणि जाताना मूळ चेक घेऊन जा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत तीनाचा आठ फार लवकर होतो.